दोन मिनिटांची चाचणी आणि 15 केव्हीएचा जनरेटर

पेडणे तालुक्यात मांद्र्याला माझे तीस खुर्च्यांचे लहान रेस्टॉरंट आहे. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, म्हणून मी गेल्या मे महिन्यात डिझेल जनरेटर घेतला आणि त्यात फसलो. कसा फसलो हे सविस्तर लिहितो, कारण ज्या चाचणीवर मी विश्वास ठेवला तीच चाचणी आणखी कोणालाही दाखवली जाऊ शकते.

विक्रेत्याने उपकरणांच्या पाट्या वाचून बेरीज केली. दिवे, पंखे व बिलिंग दीड किलोवॅट, डीप फ्रीझर आणि शीतपेयांचे कपाट दीड, दोन एसी मिळून 3.2, स्वयंपाकघरातील धूर ओढणारा तीन अश्वशक्तीचा ब्लोअर 2.7 आणि पाण्याचा पंप 2 किलोवॅट. "साहेब, एकूण अकरा किलोवॅट होतात आणि 15 केव्हीएचे मशीन बारा देते, म्हणजे एक किलोवॅट शिल्लकच राहतो," असे त्याने सांगितले. बेरीज बरोबर होती. पण ती चालू असलेल्या यंत्रांची होती, चालू होत असलेल्या यंत्रांची नव्हती.

चाचणी सकाळी, गिऱ्हाईक नसताना झाली. मुख्य वीज बंद केली, जनरेटर सुरू झाला, सगळे दिवे लागले, पंखे फिरू लागले आणि विक्रेत्याने "सगळा लोड घेतला" म्हणून माझी सही घेतली. जेमतेम दोन मिनिटे गेली असतील. प्रत्यक्षात त्या वेळी एकही मोठी मोटर चालू नव्हती. वीज खंडित होऊन परत आली की एसीचा कंप्रेसर सुमारे तीन मिनिटे थांबतो. ब्लोअरचा स्टार्टर वीज जाताच सुटतो आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय लागत नाही. टाकी भरलेली असल्याने पंप बंद होता आणि रात्रभर थंड झालेल्या फ्रीझरचे कंप्रेसरही विसावलेले होते. ही चाचणी तीन मिनिटांच्या आत आटपायची अशी सक्त ताकीद असते, हे मला पुढे त्याच्याच फिटरने सांगितले.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी रात्री, सगळी टेबले भरलेली असताना वीज गेली. जनरेटरवर एसी लागले, फ्रीझर लागले आणि आचाऱ्याने सवयीने ब्लोअरचे हिरवे बटण दाबले. इंजिनाचा आवाज एकदम खोल गेला, दिवे पिवळे पडले, ब्लोअर जागेवर घुं-घुं करत राहिला आणि चार-पाच सेकंदांत मुख्य ब्रेकर पडला. रात्रभरात हे तीनदा घडले.

म्हापशाहून आलेल्या एका जाणकार वायरमनने मेन विजेवर ब्लोअर सुरू करून क्लॅम्प मीटर लावला. पाटीवर 4.8 अँपिअर लिहिलेली ती मोटर सुरू होताना 29 अँपिअर घेत होती, म्हणजे जवळजवळ सहापट. साध्या थेट स्टार्टरवर मोटर सहा ते सातपट प्रवाह ओढते आणि ब्लोअरचे पाते जड असल्याने तो ओढा काही सेकंद टिकतो. 15 केव्हीएच्या जनरेटरचा पूर्ण प्रवाहच दर फेजला 21 अँपिअर असतो. 29 अँपिअर म्हणजे सुमारे 21 केव्हीए; त्याआधी चालू असलेला भार सुमारे 10 केव्हीए धरला, तर त्या क्षणी ढोबळमानाने 30 केव्हीएची मागणी झाली. अल्टरनेटर अशी मागणी थोडा वेळ सोसतो, पण व्होल्टेज घसरते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, म्हणजे व्होल्टेज 80 टक्क्यांवर आले की जोर 64 टक्केच उरतो. मग मोटर वेग घेत नाही, प्रवाह उतरत नाही आणि ब्रेकर पडतो.

तक्रार केल्यावर विक्रेत्याने माणूस पाठवला आणि त्याने दिवे मंद होऊ नयेत म्हणून जनरेटरचे व्होल्टेजच वाढवून ठेवले. भार नसताना मीटर 258 दाखवू लागला आणि आठवड्यात एका फ्रीझरचे कार्ड जळाले. ही दुसरी फसवणूक मला पहिलीपेक्षा अधिक लागली, कारण तीत माझ्या मालाचेही नुकसान झाले. यंत्र परत घ्यायला त्याने माझ्या सहीचा कागद दाखवून नकार दिला.

आता व्होल्टेज पूर्ववत केले आहे आणि ब्लोअरला व्हीएफडी बसवला आहे. तो मोटरला हळूहळू वेग देतो, त्यामुळे सुरू होतानाही प्रवाह पाटीच्या आकड्याच्या आसपास राहतो. पंप आणि एक एसी जनरेटरवरून काढून टाकले. थेट स्टार्टर ठेवायचाच असता, तर मला किमान 25 केव्हीएचा संच लागला असता, आणि तोही कंपनीकडून सुरुवातीच्या भाराला व्होल्टेज किती घसरेल याचा लेखी आकडा घेऊनच. मात्र भीतीपोटी 40 केव्हीएचा घेणेही चूकच, कारण सतत तीस टक्क्यांहून कमी भारावर चालणाऱ्या इंजिनात न जळलेले डिझेल व काजळी साचते.

ज्यांचा व्यवहार अजून व्हायचा आहे त्यांनी चाचणी गर्दीच्या वेळी ठेवावी, टाकीतले पाणी आधी उतरवावे, एसीचे कंप्रेसर लागेपर्यंत पाच मिनिटे थांबावे आणि सर्वांत शेवटी, सगळे चालू असताना, सर्वांत मोठ्या मोटरचे बटण स्वतः दाबावे. त्या क्षणी नजर दिव्यांवर नव्हे, व्होल्टमीटरच्या आकड्यावर असावी आणि सही त्यानंतरच करावी.