सॉसच्या गणिताला पॉवर लॉ की हर्शेल-बल्कली?

एका ज्युनियरचा प्रश्न: सॉसला τ = Kγ̇ⁿ लावू की τ = τ₀ + Kγ̇ⁿ?

पहिलं पॉवर लॉ, दुसरं हर्शेल-बल्कली. τ म्हणजे कातर ताण, γ̇ म्हणजे कातर दर, τ₀ म्हणजे सॉस वाहू लागायला लागणारा किमान ताण, K आणि n हे सॉसचे स्थिरांक. K = 10 Pa·sⁿ, n = 0.5 धरा. γ̇ = 1 s⁻¹ असताना पहिलं सूत्र 10 Pa देतं. τ₀ = 20 Pa असेल तर दुसरं 30 देतं, थेट तिप्पट! γ̇ = 100 s⁻¹ झाला की 100 आणि 120, तफावत फक्त वीस टक्के.

मेहनत पॉवर लॉला कमी, लॉग-लॉग आलेखात सरळ रेषा येते. ती कमी वेगाकडे सपाट होऊ लागली, तर τ₀ आधी वजा करायला हवा. इथेच बहुतेकांचे मार्क जातात.

पाइपमधून जोरात वाहणाऱ्या सॉसला पॉवर लॉ पुरतो. बाटली उलटी करूनही सॉस का पडत नाही, असं विचारलं तर हर्शेल-बल्कलीच. जेल दोनदा दाबून कडकपणा विचारला असेल, तर दोन्ही सूत्रं बाजूला ठेवा. पहिल्या दाबातलं कमाल बल वाचा.