इन्व्हर्टरवर काय घ्यायचं, काय नाही: वायरिंग वेगळं करून घेतल्यानंतरचा अनुभव

इन्व्हर्टर कोणता घ्यावा यावर खूप लिहिलं जातं. घरातले कोणते पॉइंट त्याच्यावर घ्यायचे आणि त्यांची वायर कशी ओढायची, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. आमच्या घरी हे काम होऊन बरेच महिने झाले. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. त्यातून माझं पक्कं मत झालंय की मशीन आणि बॅटरी बदलता येते, पण भिंतीतल्या पाइपातली वायर एकदाच नीट ओढायची असते. म्हणून हा अनुभव मुख्यतः वायरिंगचा आहे.

घर साधं आहे. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम आणि मधला पॅसेज. इन्व्हर्टर ११०० व्हीएचा, प्युअर साइन वेव्ह. बॅटरी एकच, १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर. ११०० व्हीए म्हणजे ११०० वॅट नव्हे. अशा मशीनवर साडेआठशे वॅटच्या आसपास लोड चालतो आणि मी तो पाचशेच्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं.

यादी करायला बसलो तेव्हा आधी सगळं लिहून काढलं. जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅट, तीन खोल्यांतल्या तीन ट्यूब प्रत्येकी २०, स्वयंपाकघर, बाथरूम आणि पॅसेजचे दिवे प्रत्येकी ९, राउटर १२, टीव्ही ९०, लॅपटॉपचा चार्जर ६५. तीन पंखे धरून बेरीज ४७९ वॅट. मशीनला हे सहज झेपतं. पण बॅटरी किती वेळ पुरेल हे या बेरजेवरून कळत नाही. ते कळतं एका वेळी खरोखर काय चालू असतं त्यावरून. संध्याकाळी लाइट गेली तर दोन पंखे, दोन ट्यूब, स्वयंपाकघराचा आणि पॅसेजचा दिवा, राउटर आणि टीव्ही, म्हणजे ३१० वॅट. रात्री दोन पंखे, राउटर आणि पॅसेजचा दिवा, म्हणजे १७१.

बॅटरीवर १५० अँपिअर-अवर लिहिलेलं असतं ते वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर हा आकडा घेऊन ३१० ने भागलं की जवळपास सहा तास येतात, आणि विक्रेते तेवढेच सांगतात. प्रत्यक्षात लोड वाढला की बॅटरीची क्षमता कमी मिळते, आणि काही वीज इन्व्हर्टरमध्येच खर्च होते. हे दोन्ही वजा केले तर संध्याकाळच्या लोडला साडेतीन-पावणेचार तास हाती लागतात, आणि रात्रीच्या लोडला सातेक तास. आमचा अनुभव याच्याशी जुळला. पुढे दोन्ही बेडरूमचे पंखे बीएलडीसी केले. एक पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, त्यामुळे रात्रीचा लोड ८१ वर आला आणि रात्रभराची काळजी मिटली. मोठी बॅटरी घेण्यापेक्षा हा बदल मला जास्त समाधानाचा वाटतो.

आता मुख्य मुद्दा, सॉकेटचा. दिवे आणि पंखे इन्व्हर्टरवर घ्यायचे यावर कोणाचंच दुमत नसतं. अडचण सॉकेटची असते, कारण त्यात पुढे कोण काय लावेल हे सांगता येत नाही. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, ‘सगळे सॉकेट घेऊन ठेवू, लाइट गेल्यावर इस्त्री लावायची नाही म्हणजे झालं.’ हे बरोबर नाही. लाइट असतानाही इन्व्हर्टरवरच्या सर्किटची वीज इन्व्हर्टरमधूनच जाते. आतला रिले मेनची वीज तशीच पुढे सोडतो, आणि त्याच वेळी बॅटरीही चार्ज होत असते. म्हणजे १००० वॅटची इस्त्री भर दुपारी, लाइट असताना लावली, तरी तिचा सगळा करंट त्या रिलेतून, मशीनच्या मागच्या फ्यूजमधून आणि त्याच्या इनपुटच्या वायरीतून जातो. त्यात चार्जिंगचे अडीचशेएक वॅट मिळवा. फ्यूज उडू शकतो, आणि लाइट असूनही अर्ध्या घरात अंधार होतो. रोज असं चाललं तर रिलेचे कॉन्टॅक्ट करपतात आणि प्लगच्या पिना काळ्या पडतात.

म्हणून आम्ही फक्त तीनच सॉकेट घेतले. टीव्हीचा, राउटरचा आणि अभ्यासाच्या टेबलाजवळचा. तिन्ही ६ अँपिअरचे. १६ अँपिअरचा एकही नाही. स्वयंपाकघरात दिवा इन्व्हर्टरवर आहे, पण त्याच बोर्डावरचा मिक्सरचा सॉकेट मेनवर आहे. हे वायरमनला दोनदा सांगावं लागलं, कारण एका बोर्डात एकच फेज घेऊन सगळीकडे लूप मारणं त्याला सोपं पडतं. एका बोर्डात दोन फेज असतील तर रंग वेगळे हवेत. आम्ही घरच्या फेजला लाल आणि इन्व्हर्टरच्या फेजला पिवळी वायर वापरली. या दोन वायरी बोर्डात चुकून एकमेकींना जोडल्या गेल्या, तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर अख्ख्या घराचा लोड ओढायला बघतो, आणि लाइट आली की मेनचा करंट उलटा त्याच्या आउटपुटवर येतो. त्यात मशीन जळू शकतं.

फ्रिजवर घरात बरीच चर्चा झाली. चालू असताना तो दीडशे वॅटच्या आसपास घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो. आमचं मशीन ते झेपवेल की नाही यापेक्षा मला बॅटरीची चिंता होती. दार उघडलं नाही तर फ्रिज चारेक तास थंड राहतो, आणि आमच्याकडे लाइट बहुतेक वेळा त्याआधी येते. म्हणून तो मेनवर ठेवला. ज्यांच्याकडे दिवसभर लाइट जाते त्यांनी वेगळा विचार करावा, पण मग बॅटरीही त्या हिशोबाने घ्यावी. पाण्याचा पंप, गीझर आणि एसी यांचा या आकाराच्या मशीनवर विचारच नको.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो न्यूट्रलवर. जुन्या पद्धतीत वायरमन इन्व्हर्टरमधून फक्त फेज ओढतो आणि न्यूट्रल घरातलाच वापरतो. घरात आरसीसीबी नसेल तर हे चालून जातं. आमच्याकडे आहे, ३० मिलिअँपिअरची. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला की नाही, एवढंच ती पाहते. फरक पडला की ती पडते, म्हणजे वीज तोडते. इन्व्हर्टरचा इनपुट आम्ही घरच्या आरसीसीबीच्या आधी, वेगळ्या एमसीबीवरून घेतला होता, आणि त्याच्या आउटपुटला स्वतःची छोटी डीबी, म्हणजे एमसीबी बसवायची पेटी, त्यात वेगळी आरसीसीबी. काम संपलं, सगळं चालू केलं, आणि एका बेडरूमचा पंखा लावताच दोन्ही आरसीसीबी पडल्या. वायरमनने आधी पंख्यात शॉर्ट असेल म्हणून पंखा उघडला. पंख्यात काहीच नव्हतं.

झालं होतं असं. त्या खोलीत फेज इन्व्हर्टरचा होता आणि न्यूट्रल जुन्या लूपमधून, म्हणजे घरच्या बाजूचा. पंखा ७५ वॅटचा, म्हणजे साधारण ३३० मिलिअँपिअर. हा करंट एका आरसीसीबीतून गेला आणि दुसरीतून परत आला. दोघींनाही तो गळतीसारखा दिसला, आणि तोही त्यांच्या मर्यादेच्या दहापट. ९ वॅटचा एक दिवासुद्धा ४० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे तोही पुरेसा आहे. अशा वेळी ‘आरसीसीबी खराब आहे, काढून टाकू’ असा सल्ला मिळतो. तो कधीही ऐकू नका. शॉक लागल्यावर जीव वाचवणारी तीच एक वस्तू घरात असते. आम्ही त्या खोलीपर्यंत वेगळी न्यूट्रल वायर ओढून घेतली आणि त्यांचं पडणं थांबलं.

न्यूट्रल कुठे मिसळला आहे हे शोधायचं असेल तर मेन बंद करा, इन्व्हर्टर बंद करून त्याच्या इनपुट-आउटपुटच्या वायरी काढून ठेवा (बऱ्याच मशीनमध्ये आतून न्यूट्रल सलगच असतो), घरची आरसीसीबीही खाली करा आणि मल्टिमीटरने दोन्ही डीबींच्या न्यूट्रल पट्ट्यांमध्ये कंटिन्यूइटी बघा. बीप वाजला तर एखाद्या बोर्डात दोन्ही न्यूट्रल एकत्र आहेत. मग एकेका खोलीचा न्यूट्रल सोडवत जायचं. दोन्हीकडे काळी वायर असते, म्हणून आम्ही इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला प्रत्येक बोर्डात पिवळी टेप गुंडाळून ठेवली आहे. हे काम वायरिंग सुरू असतानाच करून घ्यावं, नंतर प्रत्येक बोर्ड उघडावा लागतो.

इनपुट आरसीसीबीच्या आधी घेण्याचा एक फायदा पावसाळ्यात कळला. एका रात्री गीझरच्या लाइनमध्ये ओल शिरून घरची आरसीसीबी पडली. दिवे-पंखे तसेच चालू राहिले, आणि तेही बॅटरीवर नव्हे, मेनवर. इनपुट आरसीसीबीच्या नंतर असता, तर इन्व्हर्टरला लाइट गेली असं वाटलं असतं आणि बॅटरी रात्रभर उतरत राहिली असती. पण इनपुट आधी घेतला की मेनपासून इन्व्हर्टरपर्यंतचा तुकडा आरसीसीबीच्या संरक्षणाबाहेर राहतो. तो लहान, पाइपातून नेलेला आणि अर्थिंगसह असायला हवा.

मशीनची जागा ठरवताना बॅटरीची वायर लांबवायची नाही. १२ व्होल्टला पूर्ण लोडवर ८० अँपिअरच्या आसपास करंट वाहतो, आणि तेवढ्या करंटला थोडी लांबीही महागात पडते. लांब न्यायची असेल तर २३० व्होल्टची बाजू न्या. बॅटरी मोकळ्या हवेत ठेवा, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवली आहे. मेन स्विच बंद केला तरी पिवळ्या वायरी जिवंत असतात. इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर येतो, आणि पंखा काढायला चढलेल्या माणसाला मेन बंद आहे एवढंच माहीत असतं. आमच्या डीबीच्या झाकणावर आतून कोणत्या खोलीचं काय इन्व्हर्टरवर आहे याचा कागद चिकटवलेला आहे. कोणीही काम करायला आलं की आधी इन्व्हर्टरचं बटण बंद, मग त्याच्या छोट्या डीबीची एमसीबी खाली, मग मेन, आणि त्यानंतर टेस्टरने त्या बोर्डाची प्रत्येक वायर तपासायची, असाच क्रम आम्ही पाळतो.