बातमीला 150 रुपये म्हणाले आणि शेवटी माझ्याच नावावर उधारी निघाली

तालुका प्रतिनिधी नेमणे आहे, असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपला फिरतो ना, तो बघून मी गेल्या वर्षी मे महिन्यात फोन केला होता. एक साप्ताहिक आणि त्याच नावाचं यूट्यूब चॅनल. संपादक फोनवर इतकं गोड बोलले की बस. बातमीला 150 रुपये, जाहिरातीवर 20 टक्के कमिशन, ओळखपत्र, चॅनलच्या नावाचा माइक म्हणजे बूम आणि नियुक्तीपत्र. फक्त ओळखपत्र आणि बूमचं 5,000 डिपॉझिट, काम सोडलं की परत. मी त्याच दिवशी पाठवले, इथेच पहिली चूक झाली. जो तुम्हाला कामाचे पैसे देणार आहे तो आधी तुमच्याकडूनच का घेतोय हे मी विचारलंच नाही. शिवाय वृत्तपत्र नोंदणीचा आरएनआय नंबर दाखवून चॅनलपण रजिस्टर आहे म्हणाले, पण तो नंबर छापील साप्ताहिकाचा असतो, यूट्यूब चॅनलला आरएनआय लागू होत नाही. आणि ते ओळखपत्र म्हणजे शासनाची अधिस्वीकृती नाही, ती माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं. हे कार्ड म्हणजे त्यांच्या प्रिंटरवरचं प्लास्टिक.

आता पैशाचं सांगतो, कारण खरी फसवणूक तिथे आहे आणि ती लवकर कळत नाही.

जूनमध्ये मी 34 बातम्या पाठवल्या. पेरण्या, एसटीचा अपघात, ग्रामसभेतली भांडणं, जे असेल ते. महिना संपल्यावर ऑफिस म्हणालं 21 लागल्या, म्हणजे 3,150 रुपये. बाकीच्या 13 लागल्या नाहीत असं नाही, त्यातल्या दोन-तीन मी स्वतः चॅनलवर पाहिल्या होत्या, पण खाली नाव ‘प्रतिनिधी’ एवढंच. विचारलं तर म्हणे त्या डेस्कवर परत लिहिल्या, त्या मोजत नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून काही उरलं नव्हतं कारण बातम्या ग्रुपवर टाकायच्या आणि ग्रुपला डिसअपिअरिंग मेसेज ऑन, सात दिवसांनी सगळं गायब. तेव्हापासून मी प्रत्येक बातमी ईमेलपण करतो, सब्जेक्टमध्ये तारीख आणि गाव टाकून. आणि त्या 3,150 मधले हजार-बाराशे तर पेट्रोललाच गेले होते, कारण तालुक्यातली बातमी म्हणजे जाऊन-येऊन 40 किलोमीटर धरूनच चाला.

जुलैच्या 18 लागल्या, ऑगस्टच्या 17. तीन महिन्यांचे मिळून 8,400. पैसे मात्र एकदाही आले नाहीत, म्हणे 15 ऑगस्टच्या पुरवणीनंतर सगळं एकदम करू.

पुरवणीचं टार्गेट 20,000. मी नऊ शुभेच्छा जाहिराती आणल्या, प्रत्येकी 2,000. सरपंच, पतसंस्था, क्लासवाले सर, कृषी केंद्र असे ओळखीतलेच. पाच जणांनी रोख दिले, ते 10,000 मी दुसऱ्याच दिवशी ऑफिसला भरले. चार जण म्हणाले टाका, बघू नंतर. मी ऑफिसला विचारलं तर म्हणाले काही टेन्शन नाही, टाकून द्या, वसुली होत राहते.

सप्टेंबरमध्ये हिशोब आला तेव्हा माझे हातपाय गार पडले. एकूण जाहिरात 18,000, त्यातून माझं कमिशन 3,600 वजा, म्हणजे माझ्याकडून येणे 14,400, त्यातले 10,000 जमा, बाकी 4,400 माझ्या नावावर! म्हणजे ज्या चौघांनी पैसे दिले नाहीत त्यांची उधारी मी फेडायची. कमिशन कागदावर मिळालं आणि कागदावरच संपलं. मग माझ्या 8,400 मधून हे 4,400 वजा, पुरवणीचे 400 अंक पार्सलने पाठवले होते (मी मागितले नव्हते) त्याचे 5 रुपयांप्रमाणे 2,000 वजा, टीडीएस 10 टक्के म्हणून 840 वजा. राहिले 1,160. तीन महिने उन्हापावसात फिरून 1,160, आणि तेपण आजपर्यंत आले नाहीत.

यातली गोम मला एका जुन्या वार्ताहर काकांनी समजावली. त्यांनी बिल मागितलं, बघितलं आणि म्हणाले, "अरे, यावर तुझं नाव आहे, जाहिरातदाराचं नाही." जाहिरात घेताना रिलीज ऑर्डर भरून घ्यायची असते, आरओ म्हणतात तिला, त्यावर जाहिरातदाराची सही-शिक्का, साइज, रक्कम आणि कधी देणार ते. आरओ असली की बिल जाहिरातदाराच्या नावाने निघतं आणि उधारी त्याची राहते. तोंडी जाहिरात दिली की ऑफिस बिल प्रतिनिधीच्या नावाने फाडतं, मग तो पत्रकार राहत नाही, उधारीवर माल उचललेला एजंट होतो. माझ्या नियुक्तीपत्रात बारीक अक्षरात लिहिलंच होतं, ‘जाहिरात वसुलीची जबाबदारी प्रतिनिधीची राहील’. मी सही करताना वाचलं नाही, मानधनाचा आकडा शोधला तर तो त्यात कुठेच नव्हता, तरी सही केली. 150 रुपये हे फक्त फोनवरचं बोलणं.

टीडीएसचंपण ऐका. व्यावसायिक फीवर 10 टक्के कापतात, पण 2025-26 मध्ये एका देणाऱ्याकडून वर्षाचे 50,000 च्या वर गेले तरच कापायची सक्ती होती, माझे तर 8,400. बरं कापला तर तो माझ्या पॅनवर दिसायला पाहिजे. डिसेंबरमध्ये मी इन्कम टॅक्सच्या साइटवर लॉगिन करून फॉर्म 26AS उघडला, त्यांच्या नावाची एक ओळ नाही. म्हणजे ते 840 सरकारला गेलेच नाहीत. तुमच्या हिशोबात कोणी टीडीएस दाखवत असेल तर हे नक्की बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मी एका दैनिकाला बातम्या देतो. लागलेल्या बातमीला 200, जाहिरातीवर 15 टक्के, पण आरओ जाहिरातदाराच्या नावाने आणि कमिशन बिल वसूल झाल्यावर. डिपॉझिट नाही. महिन्याला तीन-साडेतीन हजार पडतात, माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं असंच आहे, म्हणून प्रत्येकाचं दुसरं काहीतरी काम आहेच, कोणाची शेती, कोणाचं झेरॉक्स सेंटर. कोणी तालुक्याला महिन्याला 15,000 फिक्स सांगत असेल तर ते जाहिरातीच्या टार्गेटला बांधलेत का हे आधी विचारा आणि मेसेजवर लिहून घ्या.

माझं प्रकरण अजून मिटलेलं नाही. नोव्हेंबरमध्ये क्लासवाले सर भेटले, मी ओशाळून म्हटलं सर त्या 2,000 चं बघा ना. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "अहो, मी तर सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तुमच्या ऑफिसला पाठवले, त्यांचाच फोन आला होता." आणि मोबाइल काढून यूपीआयचा स्क्रीनशॉट दाखवला, तारीख 4 सप्टेंबर. माझा हिशोब आला होता 12 सप्टेंबरला. तो स्क्रीनशॉट मी संपादकांना पाठवलाय, दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. 5,000 डिपॉझिट परत मागितलं तर म्हणाले आधी बूम जमा करा. केला, पावती घेऊन.