एकच वजन, दोन मुलं: वाढीच्या आलेखावर रेषा ओलांडली तर थांबायचं की दाखवायचं?

पंधरा महिन्यांचे दोन मुलगे. एकाला सोनू म्हणू, दुसऱ्याला बंटी. आलेख कसा वाचायचा ते दाखवण्यासाठी ही दोन मुलं मी मुद्दाम रचली आहेत. दोघांचं आजचं वजन ९.२ किलो आणि सहाव्या महिन्यातलं वजन ८.३ किलो. म्हणजे नऊ महिन्यांत दोघंही जवळपास ६५व्या पर्सेंटाइलवरून १५व्या पर्सेंटाइलवर आले. दोघांच्या आया एकाच प्रश्नाने हैराण आहेत: "रेषा खाली गेली, आता काय करायचं?" उत्तर मात्र एक नाही. सोनूसाठी तीन महिने थांबणं योग्य आहे आणि बंटीला या आठवड्यातच दाखवायला हवं.

आधी पर्सेंटाइलचा अर्थ, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. १५वा पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी १५ मार्क नव्हेत. त्याच वयाच्या १०० निरोगी मुलग्यांना वजनाप्रमाणे ओळीत उभं केलं, तर १५ जण याच्यापेक्षा हलके असतील आणि ८५ जण जड. ओळीत कोणीतरी पंधरावा असणारच. जे मूल जन्मापासून त्याच जागी आहे, त्याच्यासाठी १५वी रेषा हीच त्याची वाट असते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचे २००६चे आलेख वापरतात. ते ज्या सहा देशांतल्या मुलांवरून बनले, त्यांत भारतही होता आणि इथली मुलं दिल्लीतली होती. त्यामुळे "हे गोऱ्या मुलांचे तक्ते, आपल्या मुलांना लागू नाहीत" ही समजूत सोडून द्यावी.

आता दोघांच्या नोंदी शेजारी ठेवू.

| वय | सोनू: वजन, लांबी | बंटी: वजन, लांबी |
|---|---|---|
| ६ महिने | ८.३ किलो, ६८.४ सेंमी | ८.३ किलो, ६८.४ सेंमी |
| ९ महिने | ८.७ किलो, ७१.६ सेंमी | ९.१ किलो, ७२.७ सेंमी |
| १२ महिने | ९.० किलो, ७४.२ सेंमी | ९.३ किलो, ७६.३ सेंमी |
| १५ महिने | ९.२ किलो, ७६.५ सेंमी | ९.२ किलो, ७९.४ सेंमी |

नुसता वजनाचा रकाना पाहिला तर नवव्या आणि बाराव्या महिन्यात बंटीच सरस वाटतो. लांबीही पाहिली की चित्र पालटतं. सोनूची लांबी वजनाच्या बरोबरीने हळूहळू उतरली आणि दोन्ही १५व्या रेषेवर येऊन टेकली. त्याची आई १५० सेंटिमीटर उंच आहे, वडील १६२. मोठेपणीच्या उंचीचा अंदाज काढायला मुलग्यासाठी आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून त्यात १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं (मुलीसाठी १३ वजा करायचे). सोनूचं उत्तर १६२.५ सेंटिमीटर येतं, म्हणजे त्याचं घराणंच कमी उंचीचं आहे. जन्माच्या वेळचा आकार बराचसा गर्भातल्या पोषणावर ठरतो, पुढची उंची आईवडिलांकडून येते. त्यामुळे सहा महिन्यांपासून साधारण दोन वर्षांपर्यंत अनेक निरोगी मुलं आपल्या घराण्याच्या रेषेकडे सरकतात, कोणी वर तर कोणी खाली. सोनू तसाच सरकला आहे. तो खेळतो, खातो, त्याला जुलाब नाहीत, बसणं-चालणं वेळेवर झालं. १८व्या महिन्यात तो ९.७ किलो आणि ७९.५ सेंटिमीटरच्या आसपास भरला, तर तो आपल्या रेषेवर स्थिरावला असं समजावं. तेव्हाही वजन ९.२च राहिलं तर मात्र थांबायचं नाही.

बंटीचा उतार वेगळा आहे. त्याची लांबी मधल्या रेषेच्या जरा वर होती आणि आजही तिथेच आहे, पण वजन एका जागी अडकून शेवटच्या तीन महिन्यांत शंभर ग्रॅमने घटलं. या वयात १५व्या रेषेवरचं मूलसुद्धा बाराव्या ते पंधराव्या महिन्यादरम्यान साधारण ६०० ग्रॅम वाढतं. आधी वजन आणि नंतर लांबी, अन्न कमी पडलं की बहुधा याच क्रमाने फटका बसतो. लांबी अजून टिकून आहे, म्हणजे आपण वेळेत आहोत.

अशा वेळी घरात हमखास ऐकू येतं, "चालायला लागला ना, पळापळीत वजन उतरतंच." चालू लागल्यावर वाढीचा वेग मंदावतो हे खरं, पण महिनोन् महिने वजन थांबणं किंवा घटणं त्यात बसत नाही. बंटीच्या ताटात डोकावलं तर कारण दिसतं: डाळीचं वरचं पाणी, पातळ पेज, मधूनमधून चहात बुडवलेलं बिस्किट आणि त्यात दोनदा झालेले जुलाब. पोट भरतं, पण पाण्याने. घट्ट वरण-भात, वर चमचाभर तूप किंवा तेल, अंडं, कुस्करलेली उसळ, असं दिवसातून तीन वेळा जेवण आणि मध्ये दोनदा खाणं, हा पहिला उपाय. त्याच भेटीत डॉक्टर हिमोग्लोबिन आणि लघवी तपासायला सांगू शकतात, कारण लघवीतला जंतुसंसर्ग कधी कधी केवळ वजन न वाढण्यातूनच कळतो.

बंटीच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी एका गोष्टीची वाटते. अंगणवाडीच्या माता-बाल कार्डावर तो आजही हिरव्या पट्ट्यात आहे. पंधरा महिन्यांच्या मुलग्यासाठी पिवळा पट्टा ८.३ किलोच्या खाली सुरू होतो, तिथून तो जवळजवळ एक किलो वर आहे. मूल आज कुठे आहे तेवढंच रंग सांगतो. ते कुठे चाललं आहे हे ठिपके जोडल्यावरच कळतं, म्हणून रेघ सपाट झाली की हिरव्या पट्ट्यातसुद्धा विचारावं.

"दोन रेषा ओलांडल्या की डॉक्टर" हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. तो वापरण्याआधी आपल्या चार्टवर किती रेषा आहेत ते मोजा. ३, १५, ५०, ८५, ९७ अशा पाच रेषांच्या चार्टवर ही दोन्ही मुलं ५०ची एकच रेषा पार करून १५च्या रेषेवर आली. ३, १०, २५, ५०, ७५, ९०, ९७ अशा सात रेषांच्या चार्टवर त्याच प्रवासात ५० आणि २५ अशा दोन रेषा पार होतात. मूल तेच, आकडे तेच. म्हणून पाच रेषांच्या चार्टवर दुसरी रेषा पार होण्याची वाट पाहू नये.

उलटा प्रकारही असतो: वजन ठीक किंवा वाढतं, बाळ गुटगुटीत, पण लांबीची रेघ खाली झुकत चाललेली. घरात अशा बाळाचं कौतुकच होतं. इथे खाणं वाढवून उपयोग नाही, थायरॉइड आणि इतर हार्मोन तपासावे लागतात.

आणि धावपळ करण्याआधी मोजमाप पुन्हा घ्या. भिजलेला डायपर आणि स्वेटर मिळून पाव-अर्धा किलो सहज भरतो, दुसऱ्या दवाखान्याचा काटा आणखी फरक दाखवतो. दोन वर्षांपर्यंत लांबी आडवं झोपवून, फळीवर, दोघांनी धरून मोजायची असते. एकट्याने टेप लावली आणि बाळाने पाय आखडले तर दोन सेंटिमीटर कुठल्या कुठे जातात. मूल वेळेआधी जन्मलं असेल तर दोन वर्षांपर्यंत तितके आठवडे वयातून वजा करूनच ठिपका मांडायचा. हे सगळं नीट करूनही वजन घटलेलंच दिसलं तर पुढच्या लसीची तारीख येईपर्यंत थांबू नका. जुन्या सगळ्या नोंदी आणि गेल्या तीन दिवसांत मुलाने काय, किती खाल्लं ते लिहून सोबत न्या.