भिंतीवरची जाहिरात की शेतातला प्लॉट? कृषी सेवा केंद्रवाल्यांसाठी

खरिपात दुकानाचं नाव करायचं तर दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे फाट्यावर बोर्ड, भिंती रंगवणं, कॅलेंडर वाटणं. याने दुकान कुठंय ते कळतं, पण औषध कोणतं घ्यायचं ते शेतकरी शेजाऱ्यालाच विचारतो ना.

दुसरा, सोयाबीनचा डेमो प्लॉट. एका एकरात अर्ध्यात बीजप्रक्रिया करून पेरा, अर्ध्यात तसंच, बाकी खत-फवारणी सगळं सेम, आणि उगवण झाल्यावर दोन्हीकडची रोपं मीटरभर ओळीत लोकांनाच मोजू द्या. प्लॉट पाहुण्याच्या शेतात नको (लोक लगेच म्हणतात, घरचाच आहे!), ज्याला गाव पिकाचं विचारतं त्याच्याकडे घ्या. फरक नाही दिसला तरी तसंच सांगायचं, कारण लपवलं तर ते पारावर बोर्डापेक्षा लवकर पोचतं.

अडचण एकच, पाऊस लांबला की प्लॉटचा सीझन गेला, बोर्ड मात्र तिथंच असतो.

मी तर प्लॉटच करीन, बोर्ड एकच पुरे. आणि बिल करताना "कोणी सांगितलं?" विचारून वहीत लिहायचं, दिवाळीपर्यंत कळतं गिऱ्हाईक कुठून आलं.