महिन्याचा डबा की कार्डाचा? महापे-घणसोलीत ऑफिसला डबा लावण्याआधी

ऑफिस महापे एमआयडीसीत, घर ठाण्यात. सकाळी 7:50 ची ट्रान्स-हार्बर पकडायची तर घरून डबा निघत नाही, आणि कॅन्टीनचं रोज खाऊन पोट बिघडतं. म्हणून गेल्या वर्षी जुलैत मी फोनवर 'जवळची टिफिन सर्व्हिस' शोधायला बसलो. दहा-बारा नावं आली. फोन करून, विचारून झाल्यावर हातात दोनच उरली. दोन्हीकडे मी पैसे भरून जेवलोय, म्हणून दोन्हींबद्दल लिहितो. नावं घेत नाही. नावापेक्षा हिशोबाची पद्धत महत्त्वाची आहे, आणि ठाणे-बेलापूर रोडवर या दोन पद्धतींच्या सर्व्हिस तुम्हालाही भेटतीलच.

पहिली महिन्याच्या हिशोबाची. सोमवार ते शुक्रवार, चार चपात्या, भाजी, डाळ, भात, महिन्याचे 1980 रुपये. जाहिरातीत 'फक्त 90 रुपयांत घरचं जेवण' असं लिहिलेलं, म्हणजे 22 डबे धरून. दुसरी कार्डाची. घणसोलीत एक काकू स्वतःच्या घरी चालवतात. डबा तेवढाच, 110 रुपयांना. 20 डब्यांचं कार्ड 2200 ला मिळतं, खाल तेवढे डबे कापले जातात, आणि कार्ड दोन महिने चालतं. स्टीलच्या डब्याचं 300 डिपॉझिट वेगळं, सोडताना परत.

90 आणि 110 शेजारी ठेवले तर कोणीही पहिलाच निवडेल. मीही तोच निवडला.

पहिलीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. फोन लगेच उचलतात, पैसे भरले की पावती येते, आणि ज्यांना ऑफिसकडून जेवणाचा भत्ता मिळतो त्यांना ती लागतेच. बुधवारी नॉनव्हेजचा पर्याय आहे, रात्रपाळीला जेवण पोहोचवतात. एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर त्यांच्या पानावर समोरच लिहिलेला आहे. तो FoSCoS या एफएसएसएआयच्याच परवाना-नोंदणीच्या साइटवर टाकून पाहिला, पत्त्यासकट जुळला. काकूंच्या जाहिरातीत नंबर नव्हता. विचारल्यावर त्यांनी नोंदणीच्या कागदाचा फोटो पाठवला, पण तो आधीच लिहायला हवा होता असं मला वाटतं.

मेनूत मात्र फरक दिसतो. पहिलीचा मेनू रंगीत, छान मांडलेला, पण पाचपैकी तीन दिवस 'सीझनल भाजी' लिहिलेलं. पावसाळ्यात पालेभाजी महाग होते, लवकर सडते, म्हणून बाजारात त्या दिवशी जे परवडेल ते घ्यायची सोय त्यांनी ठेवलेली असते. प्रत्यक्षात जुलैत ती 'सीझनल' भाजी बहुतेक वेळा कोबी किंवा दुधी निघाली. काकूंचा मेनू रविवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर साध्या पाच ओळींत येतो: मटकीची उसळ, भरली वांगी, मेथी-डाळ, बटाट्याच्या काचऱ्या, चवळी. श्रावणात खाली आणखी एक ओळ असायची, 'सोमवारी उपवासाचा हवा असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.' वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मेनू वाचताना मी आता एवढंच पाहतो की आठवड्यात निदान दोन दिवस भाजीचं नाव घेऊन लिहिलंय का, आणि एक तरी उसळ आहे का. भाजीचं नाव आधी सांगायचं तर आधी ठरवावं लागतं, आणि ठरवलेल्या जेवणाला सहसा चव असते. माझा अनुभव तरी असा आहे.

डिलिव्हरीचंही तसंच. पहिली 'ठाणे-नवी मुंबई सर्वत्र' म्हणते. एक मुलगा वागळे इस्टेटपासून सुरुवात करून महाप्यापर्यंत येतो, त्यामुळे माझा डबा कधी सव्वाअकराला सिक्युरिटीच्या टेबलावर येऊन पडलेला असायचा, तर कधी पावणेदोनला यायचा. काकू स्पष्ट सांगतात: घणसोली स्टेशन, रबाळे, महापे, गेटवर 12:40 ते 1:05. ऐरोलीला नाही म्हणतात. हे 'नाही' मला आवडलं, कारण त्यामुळे वेळ पाळली जाते. आमच्या गेटच्या आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणजे खाली जावंच लागतं. मग वेळ माहीत असणं फार सोयीचं.

एवढ्यावरून मी बदललो नसतो. कोबीही चालतो, थंड डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम होतो. मी बदललो तो खाड्यांमुळे.

ऑगस्ट 2025 चा महिना. 18 तारखेला सोमवारी पहाटेपासून पाऊस कोसळत होता. पावणेसातला ऑफिसचा मेसेज आला की घरूनच काम करा. डबा रद्द करायची वेळ आदल्या रात्री 9 पर्यंत, त्यामुळे म्हटलं आजचा डबा गेला. ते मला मान्यच होतं. स्वयंपाकघराची बाजूही समजून घ्यायला हवी. भाजी आदल्या रात्री निवडून-चिरून होते, कणीक सकाळी भिजते, सातला फोन करून 'आज नको' म्हणणारे दहा निघाले तर ते दहा डबे कुठे जाणार? पण पावणेबाराला त्यांचाच मेसेज आला: 'पावसामुळे आज डिलिव्हरी होणार नाही.' म्हणजे मी रद्द केला नव्हता, त्यांनीच पाठवला नाही. 19 तारखेलाही तेच. मी फोन केला, 'हे दोन डबे पुढच्या महिन्यात धरणार ना?' पलीकडून नम्रपणे उत्तर आलं, 'सर, मंथली रेट फिक्स असतो. सलग तीन दिवस खाडा असेल तरच अॅडजस्ट होतं.'

पुढच्या आठवड्यात गणपती. 27 ला बुधवारी चतुर्थी, आमच्याकडे दीड दिवसाचा, म्हणून 28 ची रजा, आणि शुक्रवारी आमचं नेहमीच घरून काम. 27, 28, 29 असे सलग तीन दिवस झाले. पुन्हा विचारलं, तर 27 ला त्यांचीच सुट्टी होती, म्हणून तो दिवस माझा खाडा धरत नाहीत. राहिले दोन. नियमात पुन्हा बसलो नाही.

त्या रात्री कॅलेंडर घेऊन बसलो. ऑगस्टमध्ये सोमवार ते शुक्रवार असे 21 दिवस. 15 ऑगस्ट शुक्रवारीच आला. पाच शुक्रवार, पावसाचे दोन दिवस, चतुर्थी आणि एक रजा काढली तर मी प्रत्यक्ष खाल्लेले डबे 12. 1980 भागिले 12 म्हणजे एक डबा 165 रुपयांना पडला. कार्डावर तेच 12 डबे 1320 मध्ये झाले असते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे काकूंचं कार्ड होतं. 18 ला काकूंनीही डबा पाठवला नाही, पण त्याच्या कार्डावरचा डबा कापला गेला नाही. मला ते सगळ्यात जास्त लागलं. प्रश्न 110 रुपयांचा नव्हता. आपण जेवलो नाही, त्यांनी रांधलं नाही, तरी पैसे गेले, याची रुखरुख राहिली.

तुमचा हिशोब एका भागाकारात होतो. महिन्याची रक्कम घ्या, तिला कार्डावरच्या एका डब्याच्या दराने भागा. इथे 1980 भागिले 110, म्हणजे 18. महिन्यात 18 पेक्षा जास्त डबे खरोखर खाणार असाल तर महिन्याचा स्वस्त, कमी खाणार असाल तर कार्डाचा. सप्टेंबर 2025 मध्ये 22 दिवस होते, चार शुक्रवार घरी, म्हणजे बरोबर 18. एकही रजा न घेता, एकदाही आजारी न पडता दोन्हींचा खर्च सारखाच आला असता. ऑक्टोबरात 23 दिवस, त्यातून पाच शुक्रवार, दसरा आणि दिवाळीचे तीन दिवस गेले की 14. आठवड्यातून एक दिवस जरी घरून काम असेल तरी आपण 18 च्या काठावरच उभे असतो, आणि श्रावण ते दिवाळी तर त्याच्या खालीच. जाहिरातीतला 90 चा दर 22 डबे खाणाऱ्यासाठी खरा आहे. असा माणूस आमच्या मजल्यावर मला तरी दिसला नाही.

पण असे लोक आहेत, हेही तितकंच खरं. रोज ऑफिसला जाणारे, कंपनीकडून बिलावर पैसे मिळणारे, किंवा रात्रपाळीवाले यांना मी पहिलीच सुचवेन. काकूंकडे रात्रीचा डबा नाही, नॉनव्हेज नाही, आणि गणपतीत त्या पाच दिवस सरळ बंद ठेवतात. त्या पाच दिवसांत तुमची सोय तुम्हाला करावी लागते. शिवाय त्या 35 च्या वर डबे घेत नाहीत. मला सप्टेंबरमध्ये दहा दिवस थांबावं लागलं होतं.

कार्डाचा घेतानाही दोन गोष्टी पाहा. मुदत किती आहे, कारण महिन्याच्या मुदतीचं 20 डब्यांचं कार्ड म्हणजे वेगळ्या नावाने तोच महिन्याचा डबा. आणि उरलेले डबे सोडताना परत घेतात का. काकू परत घेतात. 'दादा, न खाल्लेल्याचे पैसे मी ठेवून काय करू,' असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. रद्द करायची त्यांची वेळ सकाळी 8 ची आहे. भाजी तयार असली तरी चपात्या आणि भात त्या मोजून करतात, म्हणून त्यांना ते परवडतं. मोठ्या किचनला बहुधा परवडणार नाही, तिथे रात्री 9 ची अट असेल तर त्यावरून भांडू नका.

पैसे भरण्याआधी फोनवर नको, मेसेजवरच एक प्रश्न विचारा: 'तुमच्याकडून डबा आला नाही, तर तो मोजता का?' पहिलीला मी हे जुलैत विचारलं नव्हतं. नंतर नवीन जॉइन झालेल्या एका मुलीने विचारलं, तेव्हा तिला 'मॅडम, मंथली रेट फिक्स आहे' असंच उत्तर आलं. तिने काकूंकडे नाव नोंदवलं. सध्या ती थांबलेल्यांच्या यादीत तिसरी आहे.