हँड कंट्रोल बसवलेली जुनी गाडी घेताय? आधी डॅशखाली टॉर्च मारा

पुण्यातल्या एका ग्राहकाच्या दोन्ही पायांत ताकद कमी आहे. एजंटाने त्यांना जुनी एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी हॅचबॅक विकली आणि "हँड कंट्रोल आहे, आरटीओचंही झालंय" म्हणून किटचे पैसे वेगळे घेतले. दोन्ही बाबतींत फसवलं.

हँड कंट्रोल म्हणजे पायाऐवजी हाताने चालवायचा लिव्हर. तो पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर, अशी ती रचना. ब्रेकचा रॉड पेडलच्या चपट्या पट्टीवर एकाच बोल्टच्या क्लॅम्पने धरलेला होता. जोरात ढकललं की क्लॅम्प पट्टीवर वर सरकायचा. क्लॅम्प पेडलच्या टोकापासून जितका वर जाईल तितका हाताला जोर जास्त लागतो, म्हणजे करकचून ब्रेक दाबायच्या वेळीच ब्रेक कमी लागणार. खूण सोपी आहे: टॉर्च मारून बघा, क्लॅम्पच्या खाली पट्टीचा रंग खरवडलेला दिसतो. क्लॅम्पला दोन बोल्ट हवेत आणि पट्टीवर वेल्डिंग अजिबात नको.

ॲक्सिलरेटरला चक्क मोटरसायकलची क्लच केबल लावली होती. ती आतून घासून अडकायची. तपासताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, लिव्हर थोडा ओढून सोडा. आरपीएम लगेच खाली आला नाही तर ती गाडी रस्त्यावर आणूच नका. मग लिव्हर हातात धरून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा, कुठे अडतं का ते बघा. स्वतःच्या सीटवर बसून पायही पाहा. निर्जीव पाय ब्रेक पेडलखाली सरकला तर ब्रेक पूर्ण दाबलाच जात नाही. त्यासाठी पेडलपुढे गार्ड लागतो, तो इथे नव्हताच.

"ऑटोमॅटिक" म्हटलं की सगळं सारखं नसतं. एएमटीत आतला क्लच नेहमीचाच असतो, फक्त तो यंत्र दाबतं. चढावर लिव्हर ब्रेककडून ॲक्सिलरेटरकडे नेईपर्यंत गाडी मागे घसरू शकते. त्यामुळे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारं हिल होल्ड असलेली एएमटी किंवा सीव्हीटी, टॉर्क कन्व्हर्टर या प्रकारची ऑटोमॅटिक बघा आणि उड्डाणपुलाच्या चढावर चालवूनच ठरवा. काही विक्रेते तर मॅन्युअल गाडीला पायाने न दाबावा लागणारा ऑटो क्लच लावून तिलाच ऑटोमॅटिक म्हणतात. गिअर हातानेच टाकावा लागत असेल तर ती ऑटोमॅटिक नाही. फक्त डावा पाय अधू असेल तर साधी ऑटोमॅटिक पुरते, किट गळ्यात मारून घेऊ नका.

"आरटीओचं झालंय" याचा पुरावा म्हणून मिळालं ते नोटरीचं प्रतिज्ञापत्र. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार अशा बदलाला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि ती आरसीवर दिसायला हवी. लायसन्सवरही अशी गाडी चालवण्याची परवानगी हवी. नाहीतर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो. म्हणून किटच्या पैशांतला मोठा भाग आरसीवर नोंद चढेपर्यंत देऊ नका, आणि ही अट व्यवहाराच्या कागदावर लिहून घ्या.